फिट करून देऊ का?

संगणकाच्या पडद्यावर असेपर्यंत नकाशाचं कुणाशीही वाकडं नसतं. माउसचं चाक पुढे फिरवलं की गाव जवळ येतं, मागे फिरवलं की लांब जातं. "इथून धरण किती लांब?" असं कुणी विचारलंच, तर मोजायचं बटण दाबायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. प्रमाण काय, उत्तर कुठे, हे प्रश्न तिथे निघतच नाहीत. कटकट सुरू होते ती "याची एक प्रिंट काढून द्या की" या वाक्यापासून. हे वाक्य बोलणारा माणूस कधीही बसलेला नसतो. त्याची गाडी खाली चालू असते आणि ग्रामसभा अर्ध्या तासावर आलेली असते.

आमच्याकडे हे वाक्य पुरंदरकडच्या एका गावचे सरपंच बोलले. पाणलोटाच्या कामासाठी त्यांच्या शिवाराचा नकाशा आम्ही केला होता. शिवाराची हद्द, ओढे, रस्ते, विहिरी, जुने बंधारे आणि नवी प्रस्तावित शेततळी, असा सगळा ऐवज. पूर्व-पश्चिम साडेतीन किलोमीटर, उत्तर-दक्षिण दोन किलोमीटर सातशे मीटर. काम क्यूजीआयएसमध्ये केलेलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे ते सगळ्यांकडे असतं आणि त्यातली छपाईची खिडकी कुणीच उघडलेली नसते. बहुतेक जण पडद्याचा फोटो काढतात, तो वर्डमध्ये चिकटवतात, कडेला धरून ओढतात, गाव आडवं सुटलं की शेजारी इंटरनेटवरचा एक बाण ठेवतात आणि वर ठळक अक्षरांत ‘नकाशा’ असं लिहितात. लिहिलेलं बरं असतं, नाहीतर ओळखू येणार नाही.

"कागद कोणता घ्यायचा?" मी विचारलं.

"मोठा घ्या," सरपंच म्हणाले.

या उत्तरावर कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. छपाईची खिडकी उघडली की क्यूजीआयएस आपल्यासमोर आडवा ए-4 कागद ठेवतं आणि लोक त्यावरच नकाशा मांडायला घेतात. सगळं मनासारखं बसलं की मग आठवतं, आपल्याला ए-3 हवा होता. मग कागदावर उजवं बटण दाबून `Page Properties` मध्ये ए-3 निवडला की कागद निमूटपणे मोठा होतो, पण त्यावरचं सामान जिथल्या तिथेच राहतं. डाव्या कोपऱ्यात एवढासा नकाशा, त्याला खेटून सूची आणि उरलेला अर्धा कागद मोकळा. म्हणून कागद आधी आणि बाकी सगळं नंतर. लग्नात सुद्धा आधी हॉल ठरतो, मग पानं किती ते.

ए-3 म्हणजे 420 बाय 297 मिलीमीटर. कडेला दहा-दहा मिलीमीटर सोडले, कारण साधा प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाही. वर शीर्षकाला थोडी जागा, उजवीकडे सूचीसाठी पट्टी. नकाशाच्या चौकटीला उरले साधारण 310 बाय 250. आता या चौकटीत शिवार बसवा म्हटलं की सॉफ्टवेअर आज्ञाधारकपणे बसवतं आणि प्रमाण दाखवतं 1:11,743. हा आकडा गणिताने बरोबर असतो, पण त्याचा माणसाला काहीही उपयोग नसतो. कागदावरच्या एका सेंटिमीटरला जमिनीवर 117 मीटर आणि वर 43 सेंटिमीटर. एवढा हिशेब तोंडी करणारा माणूस गावात असता, तर त्याला नकाशाची गरज पडली नसती.

तेव्हा तो आकडा पुसून हाताने 12,500 लिहायचा. गाव किंचित आकसतं, 280 बाय 216 मिलीमीटरचं होतं आणि चौकटीत ऐसपैस बसतं. आता एक किलोमीटर म्हणजे बरोबर आठ सेंटिमीटर. शाळकरी पोराच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजता येईल असं काम.

शाळेच्या भूगोलात प्रमाण दाखवायच्या तऱ्हा शिकवतात, त्यातल्या दोन म्हणजे अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण. 1:12,500 हे अंकप्रमाण. शेजारी काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची 0, 250, 500 अशी पट्टी असते, ते रेषाप्रमाण. दोन्ही एकच गोष्ट सांगतात, मग दोन कशाला, असा प्रश्न परीक्षेत आम्हाला पडला होता. त्याचं उत्तर शाळेत नाही, झेरॉक्सच्या दुकानात मिळतं.

दुकानदाराने फाइल उघडली, नकाशाकडे न बघताच ‘प्रिंट’ म्हटलं आणि मान वर न करता विचारलं, "फिट करून देऊ का?"

हा प्रश्न इतक्या प्रेमळ आवाजात येतो की नाही म्हणणं जिवावर येतं. ‘फिट’ म्हणजे कागदाच्या छापता येण्याजोग्या भागात पान मावेल इतकं ते आकसवायचं. ए-3 चं पान ए-3 कागदावर काढलं तरी त्यात तीन-चार टक्के जातात. आठ सेंटिमीटरचा किलोमीटर पावणेआठवर येतो. आणि "ए-3 कागद संपलाय साहेब, ए-4 वर घेऊ का, सगळं दिसेल" हा पुढचा प्रेमळ प्रश्न मान्य केला, तर किलोमीटर पावणेसहाच्याही खाली जातो. 1:12,500 चा नकाशा तेव्हा साधारण 1:17,700 चा झालेला असतो. कागदावर मात्र अजून ठळक अक्षरांत 1:12,500 लिहिलेलं असतं, कारण अक्षरं आकसली तरी त्यांचा अर्थ आकसत नाही.

रेषाप्रमाणाचं तसं नाही. नकाशा आकसला की ही रेषाही त्याच्याबरोबर तेवढीच आकसते. नकाशा कितीही लहान-मोठा करा, तिच्यावर 500 मीटर लिहिलंय तेवढे नकाशावरही 500 मीटरच. ज्या कागदाची झेरॉक्सची झेरॉक्स निघणार आहे (आणि सरकारी कामातल्या कुठल्या कागदाची निघत नाही?), त्यावर अंकप्रमाण एकट्याने ठेवणं धोक्याचं. ठेवायचंच असेल तर त्यापुढे ‘ए-3 कागदावर’ एवढे दोन शब्द लिहावेत. त्यामुळे आकडा कुठल्या कागदापुरता खरा आहे ते तरी कळतं.

फसलो की नाही हे ओळखायला पट्टी पुरते. प्रिंट हातात आली की बाकी काही न बघता रेषाप्रमाणावर पट्टी ठेवायची. 1:12,500 ला 500 मीटरचे चार सेंटिमीटर आले पाहिजेत. 3.9 आले तर ‘फिट’ झालंय. दुकानदाराला `Actual size` निवडायला सांगायचं आणि तो "त्याने काय फरक पडतो?" म्हणेल, तेव्हा वाद घालायचा नाही. आणखी एक, फाइल पीडीएफच द्यायची. पीडीएफला आपण ए-3 आहोत हे ठाऊक असतं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेला नकाशा वाटेतच बारीक होतो आणि पोचेपर्यंत आपण कुठल्या मापाचे होतो हे विसरलेला असतो.

आता दुसरा प्रकार बघा, त्यात दुकानदार निर्दोष असतो. प्रिंट अगदी मापात निघते, कागदाची रुंदी पट्टीने 42 सेंटिमीटर भरते, तरी एक किलोमीटरची रेषा आठ सेंटिमीटरच्या ऐवजी 8.4 भरते. अंक एक सांगतो, रेषा दुसरंच. याचं मूळ उपग्रहाच्या पार्श्वभूमीत असतं. गावाखाली उपग्रहाचं चित्र हवं म्हणून इंटरनेटवरचा नकाशा खाली घातला की बरेचदा सगळा प्रकल्पच EPSG:3857 या प्रक्षेपणात जातो. आपल्या फोनमधले नकाशे ज्यात दिसतात तेच हे. यात विषुववृत्तापासून जसजसं वर जावं तसतसं सगळं फुगत जातं. पुरंदरच्या अक्षांशावर ही सूज पाच टक्क्यांच्या थोडी वर असते. म्हणजे या प्रक्षेपणातले हजार मीटर जमिनीवर 950 च्या आसपासच. अंकप्रमाण या फुगलेल्या मीटरांवर विश्वास ठेवतं. रेषाप्रमाण मात्र पृथ्वीच्या गोलाईवरून अंतर काढतं, म्हणून दोघांचं जुळत नाही. या भांडणात रेषेची बाजू घ्यावी.

उपाय सोपा आहे, पण तो मांडणीच्या आधी करायला हवा. नकाशाचं प्रक्षेपण यूटीएम करायचं. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाला पट्टा 43 चालतो, म्हणजे EPSG:32643. त्याची हद्द 78 अंश रेखांशाला संपते आणि तिथून 44 सुरू होतो. अमरावती 43 मध्ये, वर्धा-नागपूर 44 मध्ये. राज्याच्या प्रशासकीय विभागांशी याचा काही संबंध नाही आणि त्यावर अजून कुणी आंदोलन केलेलं नाही, हे विशेष. यूटीएममध्ये आणलं की दोन्ही प्रमाणं एका सुरात बोलू लागतात.

ज्यांनी हेही केलेलं नसतं आणि नकाशा सरळ अक्षांश-रेखांशातच ठेवून रेषेचं एकक ‘नकाशाचं एकक’ असंच राहू दिलेलं असतं, त्यांच्या रेषेवर 0, 0.01, 0.02 अंश असे आकडे येतात. "विहीर किती लांब?" "दोन शतांश अंश." पुढे कोण बोलणार?

उत्तरेकडे वळू. दिशादर्शक बाण हा नकाशातला सर्वांत लहान ऐवज असायला हवा, पण हौशी माणूस नेमकी तिथेच हौस भागवून घेतो. सोळा पाकळ्यांचं, सोनेरी कडेचं, मधोमध सिंह असलेलं असं होकायंत्र मी पाहिलंय, ज्याच्याखाली दोन वाड्या झाकल्या गेल्या होत्या. बाणाला एकच काम असतं आणि ते खरं सांगण्याचं असतं.

सरपंचांची मागणी वेगळीच होती. "स्टँडवरून गावात शिरल्यावर जसं दिसतं तसा करा. स्टँड खाली, गाव वर." स्टँड गावाच्या ईशान्येला. त्यांचं ऐकायचं तर नैर्ऋत्य दिशा वर आणि उत्तर खाली कोपऱ्यात. मागणीत चूक काहीच नव्हती. नकाशात उत्तर वरच असली पाहिजे असा कायदा नाही, बाण खरा असला म्हणजे झालं. क्यूजीआयएसमध्ये चौकटीतला नकाशा कितीही अंश फिरवता येतो आणि बाण त्याला जोडलेला असेल, म्हणजे `Sync with map` ची खूण चालू असेल, तर तो आपला आपण तेवढाच फिरतो. बाहेरून आणून चिकटवलेला बाण फिरत नाही. गाव उलटं झालं तरी तो छाती काढून वरच बघत उभा राहतो.

पण फिरवलेला नकाशा बघून उपसरपंच अस्वस्थ झाले. त्यांनी नवीन घर बांधताना वास्तुशास्त्रावर बराच खर्च केला होता. "नैर्ऋत्य डोक्यावर घ्यायची म्हणजे..." एवढं बोलून त्यांनी वाक्य हवेत सोडलं. नकाशा पुन्हा सरळ झाला. इतकी वर्षं नकाशे करताना उत्तर वर का असावी याची अनेक शास्त्रीय कारणं वाचली होती, एवढ्या झटकन पटलेलं हे पहिलंच.

आता काटेकोर लोक म्हणतील की यूटीएममधली वरची दिशा ही खरी उत्तर नसतेच. बरोबर. पट्ट्याच्या मधल्या रेखांशापासून, म्हणजे 43 च्या बाबतीत 75 अंशांपासून, बाजूला गेलं की दोन उत्तरांत फरक पडतो. पुरंदरला तो अर्ध्या अंशाच्याही आतला आहे. कागदावर बाण जेवढ्या जाडीने छापतो, त्यात तो केव्हाच मावून जातो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर तो दाखवतात, ते त्यांना शोभतं. ग्रामसभेला गावच्या मारुतीवरून पडताळा पुरतो. मारुती दक्षिणमुखी असेल, तर देवळाकडे तोंड करून हात जोडणाऱ्याच्या समोर उत्तर. बाण तिकडे नसेल तर मारुतीला दोष देऊ नये.

सूचीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण माणसाचा खरा स्वभाव सूचीत उघडा पडतो. सॉफ्टवेअर आपल्या थरांची नावं जशीच्या तशी उचलून सूचीत मांडतं. आपण ती नावं स्वतःपुरती ठेवलेली असतात. मग तीनशे लोकांसमोर लागणाऱ्या नकाशावर येतं:

```
vihiri_final_new2
odha_FINAL_kharach
Clipped
Reprojected
```

शेवटची दोन नावं तर आपणही ठेवलेली नसतात. ती सॉफ्टवेअरची. ‘रीप्रोजेक्टेड’ नावाचा गावात नेमका कोणता माणूस आहे, असं एका ग्रामसभेत विचारलं गेल्याचं ऐकिवात आहे. आधी `Auto update` ची खूण काढायची, मग एकेका नावावर दोनदा क्लिक करून माणसाला कळेल असं लिहायचं: विहीर, ओढा, सिमेंट बंधारा, प्रस्तावित शेततळं. आणि `Only show items inside linked maps` ला खूण करायची, नाहीतर तालुक्याच्या फाइलमधलं सगळं सूचीत येऊन बसतं. शिवारात रेल्वे नसताना सूचीत रेल्वे असली, की लोकांना ती मंजूर झाल्यासारखी वाटते.

मराठी अक्षरांची एक काळजी वेगळी घ्यावी लागते. पीडीएफ काढताना मजकूर अक्षरं म्हणून न ठेवता आकृत्या म्हणून बाहेर काढायचा. तसा पर्याय खिडकीत असतो आणि सहसा तोच निवडलेला असतो. तो बदलला, की काही संगणकांवर ‘विहीर’ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

पण सूचीतलं खरं राजकारण चिन्हाच्या आकारात असतं. विहिरीसाठी तीन मिलीमीटरचा निळा ठिपका घेतला होता. 1:12,500 ला एक मिलीमीटर म्हणजे साडेबारा मीटर. त्या हिशेबाने प्रत्येक विहीर साडेसदतीस मीटर रुंद झाली. त्यात बांधाच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या दोन चुलतभावांच्या विहिरी एकमेकींत मिसळून एकच ठिपका झाला. ज्या विहिरींवरून दोन पिढ्या बोलणं बंद होतं, त्या आम्ही एका फटक्यात एक केल्या. थोरले अण्णा नकाशा बघून म्हणाले, "त्याची विहीर दाखवलीय, माझी नाही." धाकट्याने तोच ठिपका बघून नेमकी तीच तक्रार केली. एवढं एकमत त्या घराण्यात बऱ्याच दिवसांनी झालं असावं. ठिपका दीड मिलीमीटरवर आणला, भोवती बारीक पांढरी कड दिली, तेव्हा दोन विहिरी वेगळ्या झाल्या आणि गावात पूर्ववत शांतता नांदू लागली. रस्त्याचंही तेच. अर्ध्या मिलीमीटरची रेघ जमिनीवर सव्वासहा मीटर होते. नकाशातली रेघ कुणाच्या ओट्यावरून गेली म्हणून रस्ता तिथून जातो असं नाही, हे नकाशाच्या तळाला लिहून ठेवावं. वाचत कुणी नाही, पण लिहिलेलं असावं.

इतकं सगळं झाल्यावर सरपंच म्हणाले, "ए-3 मागच्यांना दिसणार नाही. फ्लेक्स करू."

इथून पुढे मिलीमीटर संपले आणि फूट सुरू झाले. फ्लेक्स सहा बाय चार. दुकानातल्या पोराने आमची ए-3 ची पीडीएफ उघडली आणि चारही कडा धरून सहा बाय चारमध्ये ताणली. "एकदम फुल बसलं बघा." बसलं होतं खरं. पण सहा बाय चारची रुंदी उंचीच्या दीडपट असते आणि ए मालिकेतल्या कुठल्याही कागदाची 1.41 पट. हा जो फरक आहे तो पोराने गावाच्या अंगावर काढला. पूर्व-पश्चिम गाव सहा टक्के जास्त ताणलं गेलं. ठिपके लंबगोल झाले, त्यावरून हे ओळखता येतं. आणि इथे आपली भरवशाची रेषासुद्धा हात टेकते. ती आडवी असल्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर अजून बरोबर सांगते, पण तीच रेषा उत्तर-दक्षिण धरली तर किलोमीटरमागे पन्नासहून जास्त मीटर गायब. बाण मात्र उभाच्या उभा, उत्तरेकडे, निष्कलंक.

म्हणून फ्लेक्सची मांडणी वेगळी करावी लागली. सहा बाय चार फुटांचा चौथा हिस्सा, 457 बाय 305 मिलीमीटर, एवढा कागद स्वतः आकडे टाकून बनवला. कडेला बारा मिलीमीटर सोडले. चौपट केल्यावर त्याचे पाच सेंटिमीटर होतात, कारण फ्लेक्सवाला कडेने लोखंडी रिंगा ठोकतो आणि त्या ठोकताना खाली विहीर आहे का शाळा, हे तो बघत नाही. नकाशा 1:10,000 ला घेतला. शिवार 350 बाय 270 झालं, उजवीकडे पाऊणशे मिलीमीटरची पट्टी उरली. पोराला एकच सांगितलं: ताणायचं नाही, चारशे टक्के करायचं. म्हणजे भिंतीवर 1:2,500. चार सेंटिमीटरला शंभर मीटर. उपग्रहाचं चित्र चौपट झाल्यावर थोडं फुटतं, पण फ्लेक्स दोन हातांवरून बघायचा असतो, तिथून चालून जातं.

त्या पाऊणशे मिलीमीटरच्या पट्टीत सूची, प्रमाण, बाण, माहितीचं वर्ष एवढं नीट बसलं होतं. फ्लेक्स तयार होऊन आला तेव्हा बाणाच्या जागी एका नेत्याचा हात जोडलेला फोटो होता आणि सूचीखाली ‘शुभेच्छुक’ अशी दुसरी सूची. फ्लेक्सच्या दुकानात मोकळा कोपरा राहू देत नाहीत. बाण तेवढा नेत्याच्या खांद्यावरून डोकावत होता. दुसरा फ्लेक्स काढायला पैसे नव्हते. मी रेषाप्रमाणावर पट्टी ठेवली. 500 मीटर, वीस सेंटिमीटर. उभं अंतर दोन ओळखीच्या विहिरींमध्ये मोजलं, तेही जुळलं. मग मी शुभेच्छुकांकडे दुर्लक्ष केलं.

ग्रामसभेत भाषणं चालू असताना थोरले अण्णा उठून फ्लेक्सपाशी गेले. आधी त्यांनी आपली विहीर शोधली. मग वाकून खालच्या रेषेवर वीत ठेवली. रेषा संपून करंगळीच्या बाजूला थोडी वीत उरली.

"माझी वीत म्हणजे साडेपाचशे मीटर," ते मागे वळून म्हणाले. मग विहिरीपासून प्रस्तावित शेततळ्यापर्यंत ओढ्याच्या कडेकडेने त्यांनी वीत टाकली. एक. मग दुसरी, अर्धीच. पुटपुटत हिशेब केला.

"आठशेच्या वर जातंय. भाऊसाहेब, अंदाजपत्रकात पाइप किती धरलाय?"

ग्रामसेवकांनी कागद उलटले. "चारशे मीटर."

"चारशे?" अण्णांनी पुन्हा वीत टाकली, या वेळी सगळ्यांना दिसेल अशी. तोवर धाकटाही उठून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि आपली वीत लावून बघत होता.

ग्रामसेवक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, ते प्रमाण नक्की बरोबर आहे ना? फ्लेक्समध्ये काही ताणलं-बिणलं गेलं असेल."

"मोजून बघा," मी म्हणालो आणि खिशातली पट्टी त्यांच्या हातात दिली.